अंडं ओळखणाऱ्यांना पिल्लू का ओळखता येत नाही?

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ विकन फेन नावाची जुनी पाणथळ जागा आहे. तिथल्या कालव्यांच्या कडेने बोरूची दाट बनं आहेत आणि उन्हाळ्यात त्या बनांत रीड वॉर्बलर नावाचे छोटे वटवटे घरटी बांधतात. बोरूचे तीन-चार उभे ताट एकत्र आवळून त्यांच्यामध्ये विणलेलं हे खोलगट घरटं पाण्यावर लोंबत असतं. हा पक्षी जेमतेम 12 ग्रॅम वजनाचा. त्याच्या घरट्यावर डोळा ठेवून एखाद्या उंच झाडावर तास न् तास निश्चल बसलेली कुकूची मादी असते सुमारे 100 ग्रॅमची.

वटवट्याची मादी रोज सकाळी एक अंडं घालते. कुकू येते दुपारनंतर, घरट्याजवळ कुणी नसताना. झाडावरून सरळ तरंगत खाली उतरते, घरट्यातलं एक अंडं चोचीत उचलते, त्याच बैठकीत आपलं एक अंडं घालते आणि निघून जाते. चोरलेलं अंडं ती नंतर गिळून टाकते. या सगळ्याला साधारण 10 सेकंद लागतात. एडगर चान्स या अंडीसंग्राहकाने 1921 मध्ये वूस्टरशरमधल्या एका माळरानावर हे दृश्य फिल्मवर टिपलं, तोवर अनेक जाणकारांचा समज होता की कुकू जमिनीवर अंडं घालते आणि चोचीत धरून ते घरट्यात नेऊन ठेवते.

या 10 सेकंदांनंतर त्या पिल्लासाठी तिला आयुष्यात काहीही करावं लागत नाही.

आपल्याकडे हाच धंदा कोकिळा कावळ्यांच्या घरट्यात करते, पावशा आणि चातक सातभाईंच्या घरट्यात करतात. पण 'कोकिळेला घरटं बांधता येत नाही म्हणून' हे आपलं नेहमीचं उत्तर कार्यकारण उलटं करतं. कुकूच्या घराण्यात सुमारे दीडशे जाती आहेत आणि त्यातल्या साठेकच दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतात. बाकीच्या आपली पिल्लं आपणच वाढवतात. आपल्या अंगणात फिरणारा भारद्वाज त्याच घराण्यातला आहे आणि तो व्यवस्थित घरटं बांधतो. वंशावळ पाहिली तर ही परोपजीवी पद्धत या घराण्यात तीन वेळा, स्वतंत्रपणे उगवलेली दिसते. म्हणजे घरटं बांधणारे पूर्वज होते, आणि त्यांच्या काही वंशजांना घरटं न बांधणंच किफायतशीर ठरलं.

किफायतशीर कसं? वटवट्याची जोडी चारेक अंडी घालते. ती उबवणं, पिल्लं उडती होईपर्यंत किडे आणणं आणि उडाल्यावरही काही दिवस भरवणं यात महिन्याहून जास्त काळ जातो. कुकूच्या मादीचा तो सगळा वेळ मोकळा राहतो, आणि तो ती अंडी तयार करण्यात घालवते. दर एक दिवसाआड एक अंडं. चान्सने पाळत ठेवलेल्या एका मादीने 1922 च्या एका हंगामात 25 अंडी घातली. एवढं असूनही जंगल कुकूंनी भरून जात नाही, कारण समोरचा पक्षी गप्प बसलेला नसतो.

निक डेव्हीस आणि मायकेल ब्रूक यांनी 1980च्या दशकात विकन फेनमध्ये हे फार सोप्या पद्धतीने तपासलं. त्यांनी रेझिनची खोटी अंडी बनवली. काही वटवट्याच्या अंड्यांसारखी हिरवट आणि ठिपक्यांची रंगवली, काही वेगळ्याच रंगांची. मग स्वतः कुकूची भूमिका घेऊन दुपारी घरट्यातलं एक अंडं उचललं आणि त्या जागी खोटं ठेवलं. जुळणारी अंडी वटवट्यांनी बहुतेक स्वीकारली आणि न जुळणारी बऱ्याचदा नाकारली. वटवट्याने अजून एकही अंडं घातलेलं नसताना घरट्यात अंडं दिसलं, तर तेही नाकारलं गेलं. घरट्यापाशी पेंढा भरलेली कुकू काही मिनिटं ठेवली, तर जुळणाऱ्या अंड्यांबद्दलही त्यांना जास्त संशय येऊ लागला. कुकूची घाई, तिची दुपारची वेळ आणि अंडं घालण्याआधीची लांबलचक पाळत, यांचा अर्थ या प्रयोगांतून उलगडतो. वटवट्याने तिला पाहिलं की तिचं अंडं धोक्यात येतं.

तिचं रूपही याच कामाला येतं. पोटावरच्या आडव्या पट्ट्यांमुळे ती स्पॅरोहॉक या शिकारी पक्ष्यासारखी दिसते आणि छोटे पक्षी तिच्या अंगावर जाताना कचरतात. आपल्या पावशाचं शिक्र्याशी असलेलं साम्य ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय अंडं घालून उडताना कुकूची मादी जो बुडबुड्यांसारखा आवाज काढते, तो स्पॅरोहॉकच्या हाकेच्या जवळचा असतो. तो ऐकला की वटवट्यांचं लक्ष घरट्यातल्या अंड्यांवरून स्वतःच्या जिवाकडे वळतं. केंब्रिजच्याच संशोधकांनी हे 2017 मध्ये ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून दाखवून दिलं.

युरोपातली कुकू दिसायला एकच जात असली, तरी तिच्यात मादींचे वेगवेगळे वंश आहेत. एक वंश वटवट्यांच्या घरट्यात हिरवट ठिपक्यांची अंडी घालतो, दुसरा माळावरच्या पिपिटच्या घरट्यात तपकिरी ठिपक्यांची, तर फिनलंडमध्ये रेडस्टार्टच्या घरट्यात कुकूची अंडी चक्क निळी, बिनठिपक्यांची असतात. गंमत म्हणजे डनक नावाच्या एका साध्यासुध्या पक्ष्याची अंडी निळीशार असतात, आणि त्याच्या घरट्यात कुकू ठिपक्यांचं, अजिबात न जुळणारं अंडं घालते. डनक ते बिनतक्रार उबवतो. जिथे कुणी तपासतच नाही, तिथे नक्कल करण्याची गरज पडलेली नाही.

म्हणजे अंड्यांच्या बाबतीत हे पक्षी मुळीच बावळट नाहीत. मग पिल्लाच्या बाबतीत काय होतं?

कुकूचं अंडं साडेअकरा-बारा दिवसांत फुटतं, बहुधा वटवट्याच्या अंड्यांच्या आधी. ते मादीच्या पोटातच एक दिवस जास्त राहतं, त्यामुळे घरट्यात पडतानाच गर्भाची वाढ थोडी पुढे गेलेली असते. उघडं, आंधळं पिल्लू बाहेर आल्यावर काही तासांतच कामाला लागतं. घरट्यातलं अंडं पाठीवर घेतं, पंखांच्या खुंटांनी दोन्हीकडून धरतं, पाय घरट्याच्या भिंतीला रोवून मागे मागे चढतं आणि अंडं काठावरून ढकलून देतं. मग दुसरं, मग तिसरं. पिल्लं निघालेली असतील तर पिल्लंही. एडवर्ड जेन्नरने हे 1788 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं आणि पिल्लाच्या पाठीवर यासाठीच एक खळगा असतो, तो बाराएक दिवसांनी भरून येतो, हेही नोंदलं. देवीची लस देणारा जेन्नर तो हाच. अनेकांनी त्याची थट्टा केली. ते पुढे शंभर वर्षांनीही काहींना पटत नव्हतं.

कधी कधी हे चालू असताना वटवट्याची मादी घरट्यातच बसलेली असते. पिल्लू तिच्या पोटाखालून तिचंच अंडं वर ढकलत असतं. ती ते अडवत नाही आणि बाहेर पडलेलं अंडं आत घेत नाही. छायाचित्रांमधला हा क्षण पाहताना प्रत्येकाला राग येतो, मलाही येतो. पण रागाने काही कळत नाही, म्हणून जरा थांबून त्या मादीला नेमकं काय कळू शकतं ते पाहू.

पुढे तीनेक आठवडे हे एकटं पिल्लू घरट्यात वाढतं. लवकरच ते घरट्यात मावेनासं होतं. उडू लागल्यावरही दोन-तीन आठवडे त्याला भरवावं लागतं, आणि तेव्हा वटवट्याला त्याच्या खांद्यावर बसून त्याच्या लालभडक घशात किडा टाकावा लागतो. तेवढ्या काळात त्याने आपली चार पिल्लं वाढवून मोकळी केली असती.

पिल्लू एवढं अन्न मिळवतं कसं? भव्य आकारामुळे, असं आधी वाटायचं. डेव्हीस, रेबेका किल्नर आणि डेव्हिड नोबल यांनी 1998 मध्ये ते तपासलं. त्यांनी वटवट्याच्या घरट्यात तात्पुरतं ब्लॅकबर्डचं किंवा साँग थ्रशचं एकटं पिल्लू ठेवलं. आकाराने ते कुकूच्या पिल्लाएवढंच होतं. वटवट्यांनी त्याला भरवलं, पण कुकूला आणतात तेवढं आणलं नाही. मग घरट्याशेजारी छोटा स्पीकर लावून कुकूच्या पिल्लाचा ओरडा ऐकवला. आता त्या थ्रशच्या पिल्लालाही कुकूएवढे घास मिळू लागले. स्पीकरवर वटवट्याच्या अनेक पिल्लांचा एकत्र कलकलाट ऐकवला, तरी तेच झालं. म्हणजे आकार नव्हे, आवाज काम करत होता.

कुकूचं पिल्लू इतक्या झपाट्याने सी-सी-सी-सी करतं की ऐकणाऱ्याला घरटंभर भुकेली पिल्लं ओरडतायत असं वाटतं. वटवटे आपल्या पिल्लांसाठी किती अन्न आणायचं, ते दोन गोष्टींवरून ठरवतात: किती मोठं उघडं तोंड दिसतं आणि किती जोराने मागणी होते. एकट्या कुकूचं तोंड चार पिल्लांच्या चार तोंडांएवढं भरत नाही. ती तूट पिल्लू आवाजाने भरून काढतं. जपानमधल्या एका कुकूच्या जातीत तर पिल्लाच्या पंखाच्या आतल्या बाजूला चोचीच्या आतल्या रंगाचा पिवळा पट्टा असतो आणि पिल्लू तो फडकवत जास्तीची तोंडं असल्याचा देखावा करतं. पालक कधी कधी खरंच त्या पंखाला घास द्यायला जातात. संशोधकांनी तो पट्टा काळा रंगवला, तेव्हा येणारं अन्न कमी झालं.

तरीही मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. अंड्यावरचा एक ठिपका वेगळा वाटला तर नाकारणारा पक्षी, स्वतःपेक्षा कितीतरी मोठं, वेगळ्या रंगाचं पिल्लू समोर असताना का नाकारत नाही?

मला आतापर्यंत पटलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आर्नन लोटेम या इस्रायली संशोधकाने 1993 मध्ये मांडलं. ते असं: पक्षी आपल्या अंड्यांचा रंग जन्मतः ओळखत नाही. पहिल्यांदा अंडी घातल्यावर तो ती पाहून शिकतो. त्या पहिल्याच खेपेला घरट्यात कुकूचं अंडं आलं, तर तो आपली तीन आणि परकं एक अशी चारही अंडी आपलीच समजून शिकतो. तोटा होतो, पण मर्यादित. पुढे आपली अंडी तो नाकारत नाही, फक्त एखाद्या वेळी कुकूचं अंडं स्वीकारतो. म्हणून अंडी शिकून ओळखणं परवडतं.

आता हीच पद्धत पिल्लांना लावून पाहा. समजा, पहिल्यांदा वीण करणाऱ्या 100 माद्या आहेत आणि त्यातल्या 10 जणींच्या घरट्यात कुकू आलाय. त्या दहा घरट्यांत अंडी-पिल्लं कुकूने ढकलून दिलेली असतात, म्हणजे त्यांना पाहायला मिळतं ते एकच एक कुकूचं पिल्लू. ज्या मादीकडे 'पहिल्यांदा जे पाहिलं ते माझं' हा नियम असेल, ती आयुष्यभरासाठी कुकूच्या पिल्लाचं रूप मनात धरून बसेल. पुढच्या खेपेला तिच्या घरट्यात तिची स्वतःची पिल्लं निघतील, तेव्हा ती त्यांनाच परकी म्हणून टाकून देईल. त्या दहा जणींचं सगळं आयुष्य वांझ जाईल.

उरलेल्या नव्वद जणींना त्या बदल्यात काय मिळेल? फार थोडं. पुढे कधी कुकू त्यांच्या घरट्यात आला, तर त्या पिल्लू ओळखून सोडून देतील, पण तोवर त्यांची अंडी कधीच पाण्यात पडलेली असतात. वाचतं ते फक्त पुढचे काही आठवडे भरवण्याचं श्रम, आणि हंगाम उरला असेल तर नव्याने घरटं बांधण्याची संधी. दहा जणींचं सर्वस्व एका पारड्यात आणि नव्वद जणींची थोडीशी बचत दुसऱ्यात टाकली, तर 'घरट्यात जे तोंड उघडतं, त्याला भरवा' हा आंधळा नियमच फायद्याचा ठरतो. बहुतेक घरट्यांत बहुतेक वेळा उघडणारी तोंडं खरोखर आपलीच असतात. कुकू या नियमाच्या फटीत राहतो, आणि कुकू दुर्मीळ आहे तोवर ती फट बुजवणं महाग पडतं.

लोटेमचं म्हणणं बरोबर असेल, तर जिथे चुकीचं शिकण्याचा धोका टाळण्याचा एखादा मार्ग असेल, तिथे पक्ष्यांना पिल्लू ओळखता यायला हवं. असे पक्षी ऑस्ट्रेलियात सापडले. तिथला सुपर्ब फेअरी-रेन हा निळसर, शेपटी उभी ठेवणारा छोटा पक्षी ब्राँझ-कुकूचं एकटं पिल्लू घरट्यात दिसलं, तर बऱ्याचदा त्याला सोडून निघून जातो. नाओमी लँगमोर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हॉर्सफिल्ड्स ब्राँझ-कुकूच्या सुमारे 40 टक्के पिल्लांचं असं झालं होतं. 'घरट्यात एकच पिल्लू आहे' हीच त्याच्यासाठी संशयाची एक खूण असते. हंगाम लांब असल्यामुळे त्याला पुन्हा वीण करणंही शक्य होतं.

2012 मध्ये याच पक्ष्याबद्दल आणखी एक गोष्ट कळली. मादी अंड्यांवर बसल्या-बसल्या शेवटच्या दिवसांत एक विशिष्ट हाक वारंवार काढते, आणि तिची पिल्लं निघाल्यावर मागणीच्या आवाजात त्याच हाकेतला एक तुकडा वापरतात. अंडी दुसऱ्या घरट्यात बदलून ठेवली, तर पिल्लं ज्या मादीखाली उबली तिचाच तुकडा वापरतात, म्हणजे ते शिकलेलं असतं, रक्तातून आलेलं नसतं. कुकूचं अंडं लवकर फुटतं, त्यामुळे त्याला धडे कमी मिळतात आणि त्याच्या आवाजात तो तुकडा उमटत नाही. इथे मादी पिल्लाचं रूप शिकत नाही. ती आपली खूण पिल्लांना अंड्यातच शिकवते. चुकून परक्या पिल्लाचा चेहरा मनात बसण्याचा धोकाच त्यात नाही.

आपल्या कावळ्याचं प्रकरण मात्र लोटेमच्या हिशोबात सरळ बसत नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त रोचक वाटतं. कोकिळेचं पिल्लू कावळ्याची अंडी सहसा ढकलून देत नाही. ते कावळ्याच्या पिल्लांच्या दोनेक दिवस आधी जन्मतं, आधी मोठं होतं, आणि घास पटकावण्यात पुढे असतं. कावळ्याची पिल्लं त्याच्याशेजारी वाढतातही, पण त्यातली काही उपाशी राहून मरतात. एकाच घरट्यात कोकिळेची एकाहून जास्त अंडी सापडणं इथे नवल नाही. म्हणजे कावळ्याच्या घरट्यात आपलं आणि परकं शेजारी शेजारी असतं, तुलनेची सोय असते, तरीही तो दोघांनाही भरवतो.

पण चूक करून ओळखणं त्यालाही महाग पडू शकतं. आपलं पिल्लू परकं समजून टाकलं, तर तोटा त्याचाच होतो. आणि इथे कोकिळेचं पिल्लू त्याची सगळी वीण खात नाही, काही पिल्लं वाचतात, म्हणून ओळखण्यातून मिळणारा फायदाही तितकाच आटतो. शिवाय कोकिळेची पिल्लं सुरुवातीला बरीच काळी असतात, नर असोत वा मादी. मोठेपणी तपकिरी, ठिपक्यांची दिसणारी मादीही लहानपणी कावळ्याच्या घरट्यात फारशी उठून दिसत नाही. कावळा आपली खरी लढाई आधीच्या मोर्च्यावर लढतो. कोकीळ किंवा कोकिळा घरट्याच्या जवळपास दिसली, की कावळे तिच्यामागे लागतात. वसंतात नर कोकीळ ओरडत झाडावर बसतो, कावळे त्याला पिटाळायला जातात आणि मादी तेवढ्यात घरट्यात शिरते, असं अनेक पक्षीनिरीक्षकांनी नोंदवलंय.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर मे-जूनमध्ये कावळ्याच्या घरट्याखाली थोडं थांबावं. घरट्याबाहेर आलेलं कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लापेक्षा सडपातळ असतं, त्याची शेपटी लांब असते आणि चोच आखूड. ते फांदीवर पंख थरथरवत, तोंड उघडून बसतं, आणि कावळा येऊन त्याला उंदराचा तुकडा, किडा, पोळीचा कपटा, जे हाती लागेल ते देतो. पुढे हे पिल्लू मुख्यतः फळांवर जगणार असतं, कावळ्याचा आहार त्याच्या वाढीच्या दिवसांपुरताच. दोन-तीन आठवड्यांत ते स्वतः खाऊ लागतं, आणि पुढच्या हंगामात ते मादी असेल तर त्याच परिसरातल्या कावळ्यांच्या घरट्यांची टेहळणी सुरू करतं.